सहा लाखांतला सहा

केज तालुक्यातल्या त्या गावात उत्तरेश्वर गुरुजींना कुणी उत्तरेश्वर गुरुजी म्हणत नसे. समोर नुसतं ‘गुरुजी’ आणि पाठ फिरली की ‘कॉमा गुरुजी’. हे नाव त्यांना ठाऊक होतं. ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण आतून त्यांना ते आवडत असावं. नाहीतर एखाद्या माणसाने लग्नपत्रिकेतल्या मोबाइल नंबरातसुद्धा कॉमे शोधले नसते.

गुरुजींचं वय सत्तावन्नच्या पुढे गेलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीचं गणित त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की आत्ताच्या पोरांच्या बापांनीही त्यांच्याच हातचा मार खाल्ला होता. बाकी विषयांत गुरुजी ढिले. इतिहास शिकवताना तारखा चुकल्या तरी त्यांची झोप उडत नसे. पण संख्येतला कॉमा एक घर इकडे की तिकडे झाला, की माणूस कासावीस.

सहकारी साखर कारखान्याचे ते सभासद होते. एका वर्षी वार्षिक सभेत ते हात वर करून उभे राहिले, तेव्हा व्यासपीठावरचे सगळे दचकले. मागच्या वर्षीच्या हिशेबावर कुणीतरी बोट ठेवणार, असं वाटून अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. गुरुजी म्हणाले, “अहवालाच्या पान चौदावर गाळप छापलंय, त्याचे कॉमे तीन-तीन आकड्यांवर पडल्यात. आपला कारखाना हिंदुस्थानात हाय का विलायतेत?” अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथल्या तिथे चूक कबूल केली, संगणकावर ढकलली, आणि गुरुजींचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. घरी आल्यावर चंद्रभागाबाई म्हणाल्या, “सगळे उसाच्या भावासाठी भांडत्यात, आन् तुमी कॉम्याच्या शेपटीसाठी. बरं झालं, नारळ तरी आनला.”

ज्या साली लातूरला आगगाडीने पाणी न्यावं लागलं, त्या सालची ही गोष्ट. पाऊस दोन वर्षं रुसलेला. गावाचा तलाव केव्हाच तळाला गेलेला. गुरुजींची म्हैस सोसायटीने चालवलेल्या चारा छावणीत मुक्कामाला गेली होती आणि तिच्या मागोमाग चंद्रभागाबाईही दिवसभर तिथेच असत. शाळेत मात्र पटावरची पोरं बऱ्यापैकी हजर होती. आईबाप ऊसतोडीला गेले, तरी पोरांना आजी-आजोबांकडे ठेवून शाळेतच दुपारचं आणि रात्रीचं जेवण द्यायची सोय झाली होती.

या पोरांना मोठ्या संख्या शिकवायच्या म्हणजे काय करायचं, याचा गुरुजींनी फार वर्षांपूर्वी एक तोडगा काढला होता आणि त्याचा त्यांना अतोनात अभिमान होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. हे ज्या पोराला कळतं त्याला लाख-कोटी कळायला कितीसा वेळ लागतो?

“उजवीकडनं मोजायला लागा,” गुरुजी फळ्यावर खडू आपटत सांगत. “एकक, दशक, शतक. ही तिघं घरची माणसं. म्हातारा, म्हातारी आन् शाळंतलं पोरगं. ती गावातच राहत्यात. त्यांच्या म्होरं कॉमा, म्हणजे गावाची वेस. वेशीच्या पल्याड सगळे कोयते, दोन-दोनची जोडी. पहिला कोयता हजाराचा, दुसरा लाखाचा, तिसरा कोटीचा. दर जोडीमागं एक कॉमा. वाचताना जोडी वाचायची आन् तिच्या गावाचं नाव घ्यायचं. झालं!”

आणि खरंच व्हायचं. फळ्यावर १०४२३६५ लिहिलं, की सटवासारखा शाळेला सावत्र समजणारा पोरगाही उठून उजवीकडून बोट चालवी. ३६५ घरात, ४२ चा कोयता हजारात, १० चा कोयता लाखात. १०,४२,३६५. दहा लाख बेचाळीस हजार तीनशे पासष्ट. हा आकडा खराखुरा होता. गुरुजींनी पोरांना गृहपाठच तसा दिला होता: आईबापाला फोन लावायचा, आणि कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर ‘आजअखेर गाळप’ किती टन लिहिलंय ते विचारून आणायचं.

तीन-तीनच्या इंग्रजी पद्धतीवर मात्र गुरुजींचा राग. ती शिकवावी लागते म्हणून ते शिकवत. “त्यांच्यात सगळीच तिघं-तिघं. पहिली तिघं घरात, मग तिघं हजारात, मग तिघं मिलियनमधी. तीन माणसांचा कोयता कुणी बघितलाय का रे?” पोरं हसत. गुरुजी खूश होत.

हे शिकवणं गहिनीनाथ सरांना पाहवत नसे. गहिनीनाथ सर म्हणजे शाळेतले सगळ्यांत तरुण शिक्षक, घाटनांदूरचे, रोज फटफटीवर येणारे. सेमी-इंग्रजीचे भक्त. बोलणं पुस्तकी आणि खिशात कायम तीन रंगांची पेनं. ते गुरुजींना मनापासून मान देत आणि तितक्याच मनापासून खोड काढत.

“गुरुजी, तुम्हाला मिलियनचा एवढा राग, मग सकाळी पेपरात काय वाचता?”

“धरनाचा साठा.”

“कशात?”

“दलघमीत.”

“म्हणजे दशलक्ष घनमीटर. दहा लाख म्हणजे दशलक्ष आणि दशलक्ष म्हणजेच एक मिलियन. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. रोज चहाबरोबर मिलियनच पिता तुम्ही.”

गुरुजींनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, “धोतर नेसून आला की आमी त्याला घरात घेतो.” त्या दिवसापुरता वाद मिटला.

तो मिटला नव्हता, हे मार्चमध्ये कळलं. केंद्रप्रमुख विठ्ठलराव शाळा तपासायला आले. भले गृहस्थ, पण वरून त्यांच्यामागे तगादा होता. तालुक्यातल्या शाळा ‘प्रगत’ झाल्या पाहिजेत, त्याचा कागद पुढे गेला पाहिजे. त्यांनी सहावीत एक सरावपत्रिका वाटली. स्थानिक किमतीची. वर संख्या दिलेल्या, कॉम्यांशिवाय, उघड्याबोडक्या. खाली दोन रकाने: भारतीय पद्धतीने कॉमे देऊन अक्षरी लिहा, आंतरराष्ट्रीय पद्धतीने कॉमे देऊन अक्षरी लिहा.

गुरुजी दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. चेहऱ्यावर घरच्या लग्नातल्या वाढप्याचं असावं तसं समाधान. त्यांना खात्री होती की पहिला रकाना सगळ्यांचा शंभर टक्के येणार, आणि दुसऱ्यात दोन-चार चुकले तर तेवढाच विलायतेचा सूड.

झालं उलटं. विठ्ठलरावांनी शिक्षक खोलीत पत्रिका तपासल्या आणि चष्मा काढून डोळे चोळले. आंतरराष्ट्रीय रकाना बहुतेकांचा बरोबर होता. भारतीय रकान्यात ३८,२५० बरोबर होतं, १२,७०,५३४ बरोबर होतं. पण ६२५४८० या संख्येला एक सोडून सगळ्या वर्गाने ६२५,४८० असा कॉमा दिला होता आणि अक्षरात लिहिलं होतं, सहाशे पंचवीस हजार चारशे ऐंशी.

“गुरुजी,” विठ्ठलराव हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या पोरांना लाखच लिहिता येईना. हे तर सरळ सरळ इंग्रजी पद्धतीनं लिहिलंय.”

गुरुजींना खरंच वाटेना. त्यांच्या वर्गात? इंग्रजी पद्धत? अध्यक्षांना सभेत उभं केलेला माणूस तो.

विठ्ठलराव बराच वेळ पत्रिका चाळत राहिले. मग म्हणाले, “मला पुढं कागद पाठवायचाय. सोमवारी परत येतो. तेव्हा सुधारलं असलं तर प्रश्नच नाही. नसलं तर सहावीचं गणित गहिनीनाथ सरांकडं देऊ. तुमचं आता एक वर्ष राहिलं, तिसरी-चौथी घ्या आरामात. राग मानू नका.”

गुरुजी राग मानायच्या पलीकडे गेले होते. त्यांना वाईट वाटलं, आणि ते साधंसुधं नव्हतं. सहावीचं गणित ही त्यांची एकुलती एक कमाई होती. माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्याकडून काय काय जातं ते जातं, पण ते जायच्या आधी कुणी हातातून काढून घेतं, तेव्हा ते चारचौघांत काढून घेतल्यासारखं असतं. संध्याकाळी छावणीत त्यांनी चंद्रभागाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी म्हशीपुढे कडबा टाकता टाकता ऐकून घेतलं. नेहमीसारखं काही टोचून बोलतील म्हणून गुरुजी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, “पोरांनाच इचारा की, कावून असं लिहिलं म्हनून. तुमी वर्गात निस्तं सांगत असता, इचारत कवाच न्हाई.” म्हणजे टोचलंच.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आधी संशयित पकडला. गहिनीनाथ सर फटफटी लावत होते, तोच गुरुजींनी त्यांना गाठलं.

“सर, खरं सांगा. माझ्या मागारी पोरान्ला मिलियन शिकवलं का तुमी?”

“गुरुजी, शपथ घेऊन सांगतो, नाही.”

“मग सहाशे पंचवीस हजार आलं कुठनं?”

गहिनीनाथ सरांनी काल पत्रिका पाहिल्या होत्या. खोडकरपणा बाजूला ठेवून ते म्हणाले, “मीही तोच विचार करत होतो. पण ते मिलियन नाहीच, गुरुजी. शेवटची संख्या बघा, २३४०७०६५. आपल्या पद्धतीनं २,३४,०७,०६५. दोन कोटी चौतीस लाख सात हजार पासष्ट. इंग्रजी पद्धतीनं २३,४०७,०६५. तेवीस मिलियन चारशे सात हजार पासष्ट. पोरांनी भारतीय रकान्यात काय लिहिलंय? २३४,०७,०६५. दोनशे चौतीस लाख. हे ना आपलं, ना त्यांचं. ही तिसरीच पद्धत आहे. जगात फक्त आपल्या गावात चालते.”

गुरुजींनी पत्रिका हातात घेतली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. घरातली तिघं बरोबर. हजाराचा कोयता बरोबर. त्यापुढे लाखाची जोडी आणि तिच्या डोक्यावर बसलेला एकटा दोन. ६२५,४८० मध्येही तेच. हजाराची जोडी, आणि तिच्यातच कोंबलेला एकटा सहा. जिथे जोड्या पुऱ्या पडल्या तिथे सगळं बरोबर. जिथे पुढे एक आकडा एकटा उरला, तिथे त्याला शेजारच्या जोडीत ढकललेला.

गुरुजी उठले आणि थेट वर्गात गेले. फळ्यावर ६२५४८० लिहिलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, उत्तर न सांगता नुसतं विचारलं. “सटवा, ह्यो सहा आत कावून घातला?”

सटवा उभा राहिला. मारकुट्या बैलाकडे बघावं तसं त्याने गुरुजींच्या हाताकडे बघितलं. छडी नव्हती. “तुमीच सांगितलंतं, गुरुजी.”

“मी?”

“त्या दिशी. टँकर आलता तवा. मी इचारलंतं, म्होरं एकच उरला तर काय करायचं. तुमी म्हनलात, अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई, ढकल शेजारच्या टोळीत.”

वर्गाने माना डोलावल्या. सगळ्या वर्गाने. गुरुजींना ती सकाळ लख्ख आठवली. टँकरचा भोंगा वाजला होता, पोरींनी खिडकीतून घागरी घेऊन पळणाऱ्या आयाबाया बघितल्या होत्या, अर्धा वर्ग उठला होता, आणि सटवाने नेमकं तेव्हाच विचारलं होतं. गुरुजींनी खडू झटकत, हसत हसत ते उत्तर फेकलं होतं. गंमत म्हणून. पोरांनी ते पाठ केलं. गुरुजींचा शब्द म्हणजे शब्द.

आणि नंतरही हे उघडकीला आलं नाही, यालाही गुरुजीच कारण. त्यांना पुऱ्या जोड्यांच्या संख्या आवडत. पाच आकडी, सात आकडी. कोयत्याचा धडा त्यात कसा झोकात बसतो! फोनवरून पोरांनी आणलेल्या आकड्यांतही त्यांनी सात आकडी तेवढे फळ्यावर घेतले. ज्यांच्या आईबापाचा कारखाना लहान, गाळप सहा आकड्यांवर अडलेलं, त्यांना म्हणत, “तुमचा आकडा अजून भरला न्हाई. थांबा जरा.” ती पोरं बिचारी थांबली.

“बरं,” गुरुजी खुर्चीत बसत म्हणाले, “मग एकीचं बरोबर कसं आलं? बायना, उभी ऱ्हा.”

बायना मागच्या ओळीत बसायची. अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. आई मुक्ताबाई तोडीला जायची आणि बायना आजीजवळ राहायची. गुरुजींना तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, आणि एक गोष्ट अशी की ती कधी काही विचारत नाही.

“तू मी सांगितलेलं ऐकलं न्हाईस?”

“ऐकलं गुरुजी.”

“मग ६ च्या मागं कॉमा कावून दिलास?”

बायना पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली. सटवाने मागे वळून तिला “बोल की” अशी खूण केली.

“माज्या आईच्या कारखान्याचा आकडा लहान हाय गुरुजी. तुमी घेतला न्हाई. मग मी आन् आईच रोज फोनवर घ्यायचो. आईला वाचाय येत न्हाई, पन मोबाइलवरचे आकडे येत्यात. एक-एक आकडा सांगायची. कॉम्याला ती शेपटी म्हनती.” पोरं फिसकली. बायनाही हसली आणि मग तिची भीड जरा चेपली. “एक दिशी सत्त्याण्णव हजार आठशे साठ झालते. दुसऱ्या दिशी फोन आला, तर आई म्हनली, आज आकडाच बदलला गं. एक, मग शेपटी, मग पूज्य, एक, मग शेपटी, मग चार, दोन, पूज्य. मी वहीत लिहिलं.”

“फळ्यावर लिही.”

तिने लिहिलं. १,०१,४२०. “एक लाख एक हजार चारशे वीस. लाख झाला त्या दिशी एक एकटाच आला गुरुजी. फलकावर रंगाऱ्यानं बी त्याला एकट्यालाच काढलं. दुसरा कुनी त्याच्या संगं नव्हता.”

गुरुजींनी बसल्या जागेवरून आकडा उजवीकडून परत वाचला.

“पन मी सांगितलंतं ना, अर्धा कोयता घेत न्हाईत म्हनून?” हे गुरुजींनी रागाने विचारलं नाही. विचारायला नको होतं, हे तोंडातून निघाल्यावर त्यांना कळलं.

“घेत्यात की,” बायना म्हणाली. “माजी आई अर्धा कोयताच हाय. आधीच्या मुकादमानं न्हाई घेतलं. दुसऱ्यानं घेतलं. एकटीच तोडती, मोळी बी एकटीच बांधती.” मग तिने फळ्यावरच्या ६२५४८० कडे बघितलं आणि गणित समजावून सांगावं तशा सुरात पुढे म्हणाली, “सहाला पंचविसात ढकललं तर त्यो निस्ता सहाशे हजार होतो. लाखात त्याचं नावच येत न्हाई. आन् एकटा ठिवला तर सहा लाख. सगळ्यात मोठा त्योच हाय. मग त्याला कावून ढकलायचं?”

गुरुजी उठून खिडकीशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वाळलेलं लिंबाचं झाड आणि मोकळी पाण्याची टाकी. त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्याच पोटात पोरीचा असा अभिमान दाटून येत होता की कशाकशाला आवरावं ते कळेना. जिची आई एकटी जाते, त्या पोरीसमोर आपण हसत हसत काय बोलून गेलो, आणि तिने ते ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पत्रिकेवर तेवढं मानलं नाही.

खिडकीकडून वळल्यावर ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, “मी चुकलो. बायना बरोबर हाय. उजवीकडनं घरची तिघं, मग दोन-दोनचे कोयते, आन् म्होरं एकटा उरला, तर त्यो एकटाच उभा ऱ्हाईल. त्याच्या मागं त्याचा कॉमा. कुनी ढकलायचं न्हाई.” मग त्यांना वाटलं, एवढंसं बोलून आपण सुटलो असं व्हायला नको. म्हणून पुढचे दोन तास त्यांनी फळ्यावर फक्त सहा आणि आठ आकडी संख्या लिहिल्या. लहान कारखान्याच्या पोरांनी आपापले आकडे एकेक करून उठून वाचले. एवढी तोंडं इतके दिवस बंद कशी होती, याचं गुरुजींना नवल वाटत राहिलं.

सोमवारी विठ्ठलराव आले. पत्रिका नवी, संख्या नव्या. गुरुजी या वेळी दाराशी उभे राहिले नाहीत. व्हरांड्यात इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिले, आणि गहिनीनाथ सर आपला तास सोडून त्यांच्याबरोबर.

“गुरुजी, पोरं नापास झाली तरी मी सहावी घेणार नाही. सांगून टाकतो साहेबांना.”

“घ्यावी लागंल तुमाला.”

“मग कोयता मला कोण शिकवणार? आमच्या घरात कुणी तोडीला गेलेलं नाही.”

गुरुजी त्या तपासणीनंतर पहिल्यांदा हसले.

विठ्ठलराव पत्रिका घेऊन बाहेर आले. ४,०९,१३६. चार लाख नऊ हजार एकशे छत्तीस. शेजारच्या रकान्यात ४०९,१३६. तीच संख्या, तेवढंच वजन, फक्त वेस दुसरीकडे. ५,६०,०२,७१८. पाच कोटी साठ लाख दोन हजार सातशे अठरा. शेजारी ५६,००२,७१८. छप्पन्न मिलियन दोन हजार सातशे अठरा. एकट्या सटवाने उत्साहाच्या भरात ७२,३४० मधलाही सात एकटा उभा करून ७,२,३४० लिहिलं होतं. विचारल्यावर म्हणाला, “साहेब, त्याला बी एकटं ऱ्हावं वाटलं आसंल.” विठ्ठलराव पोट धरून हसले, आणि हसता हसता त्याला समजावलं की जोडी पुरी असली की ती फोडायची नाही. मग त्यांनी गुरुजींच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा ठेवला. “सहावी तुमचीच. पण हे दोन दिवसांत केलं काय तुम्ही?”

“मी कायच केलं न्हाई,” गुरुजी म्हणाले. ते त्यांना विनयाने म्हणायचं नव्हतं. ते खरंच होतं.

संध्याकाळी गुरुजी छावणीकडे निघाले. म्हशीसाठी नाही. मुक्ताबाई गेल्या आठवड्यात परतली होती. ऊसच नव्हता, कारखाना आटोपला होता. तिची एक गाय छावणीच्या कडेच्या दावणीला होती, आणि तिथेच ती गोणपाटावर बसलेली होती. गुरुजींना येताना पाहून ती पदर सावरत घाईने उठली. पोरीचे गुरुजी आपणहून भेटायला आले, म्हणजे काय ते तिला अनुभवाने ठाऊक होतं.

“काय केलं पोरीनं? उलटून बोलली का? दोन ठिवून द्या गुरुजी, मी काय म्हननार न्हाई.”

“बस, मुक्ताबाई. तक्रार न्हाई,” गुरुजी म्हणाले, आणि स्वतः पालथ्या घमेल्यावर बसले. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. टँकर, अर्धा कोयता, आपलं ते बोलणं, पत्रिका, विठ्ठलराव, आणि फळ्यावर लिहिलेला एक लाखाचा आकडा. आपलं ते बोलणं सांगताना ते अडखळले. मुक्ताबाईने मान खाली घालून ऐकलं. त्या वाक्यावर तिने काही राग दाखवला नाही. तिला ते नवीन नव्हतं.

“सगळा वर्ग बुडत होता. मी बी बुडत होतो. तुज्या पोरीनं वाचवलं,” गुरुजी म्हणाले. “म्हनली, म्होरं एकटा ऱ्हातो त्योच सगळ्यात मोठा. त्याला ढकलायचं न्हाई.”

“आसं म्हनली?”

“आसंच म्हनली.”

“किती मोठा?”

“सहा. पन एकटा उभा ऱ्हायला की सहा लाख.”

मुक्ताबाईने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिला हसू फुटलं. आधी पदराआड, आणि मग उघडउघड, दावणीतल्या बाकीच्या बायकांनी वळून बघावं इतकं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“मी येकटी सहा लाखाची!” ती म्हणाली. “गुरुजी, पोरगी तुमच्याकडं शिकतीच हाय. पन येत्या हंगामाला माज्या मुकादमाला बी घ्या की जरा तुमच्या वर्गात. दर साली आगाऊ उचल द्यायची येळ आली, की त्यो मला अर्धीच धरतो.”

गुरुजीही हसायला लागले. पण निम्म्यातच थांबले. मुक्ताबाई अजून त्यांच्याकडे बघत होती, आणि ती आता हसत नव्हती. मुकादमाचं तिने खरंच विचारलं होतं.